कार्डाविना एटीएम: यूपीआयने पैसे कसे काढायचे आणि चार्ज कधी लागतो

दादरच्या एका एटीएममधून माझ्या भाच्याचा फोन आला. "मामा, कार्ड साताऱ्यालाच राहिलं. खानावळीच्या मावशींना दोन हजार रोख द्यायचेत, आता काय करू?" मी म्हटलं, "मशीनच्या स्क्रीनवर UPI असं कुठे लिहिलेलं दिसतंय का बघ." दिसत होतं. पाच मिनिटांत त्याच्या हातात नोटा होत्या आणि त्याला ही युक्ती इतकी आवडली की त्याने कार्ड मागवून घेतलंच नाही, काही दिवसांनी आईनेच ते पाठवून दिलं. महिना संपता संपता दुसरा फोन आला. "मामा, खात्यातून २७ रुपये १४ पैसे गेलेत. यूपीआय तर फुकट असतं ना?"

नव्याने ही सोय वापरणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हे दोन फोन करावे लागतात, म्हणून दोन्हींची उत्तरं इथे एकत्र लिहितो. पहिलं सोपं आहे. दुसऱ्याला जरा जास्त वेळ लागेल.

ही सोय नेमकी कोणती

आधी एक गोंधळ दूर करू. "कार्डाशिवाय पैसे" या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात. काही बँकांच्या स्वतःच्या अॅपमध्ये जुनी सोय आहे. त्यात अॅपवर रक्कम टाकायची, मोबाईलवर एक नंबर येतो, तो मशीनवर टाकायचा. स्टेट बँकेचं योनो कॅश हे त्याचं माहितीतलं उदाहरण. ही सोय त्या त्या बँकेपुरती असते. आपण बोलतोय ती दुसरी: मशीनच्या पडद्यावर क्यूआर कोड येतो, तो यूपीआय अॅपने स्कॅन करायचा. ती एका बँकेची नाही. खातं एका बँकेत आणि मशीन दुसरीचं, असंही चालतं. रिझर्व्ह बँकेने १९ मे २०२२च्या परिपत्रकाने सगळ्या बँकांना आणि एटीएम चालवणाऱ्या कंपन्यांना ती देण्याची परवानगी दिली. बँकांच्या कागदपत्रांत तिचं नाव ICCW असं छापलेलं दिसेल. कस्टमर केअरला फोन केलात तर "यूपीआय कॅश विथड्रॉवल" म्हणा, समोरच्याला कळतं.

परवानगी सगळ्यांना असली तरी प्रत्येक मशीनवर सोय आहे असं नाही. तीन कड्या जुळाव्या लागतात. तुमच्या बँकेने ती सुरू केलेली हवी, मशीन ज्यांचं आहे त्यांनी सुरू केलेली हवी, आणि तुमच्या फोनमधल्या अॅपला ती यायला हवी. यातली एक जरी तुटकी असली तरी काम होत नाही. आपल्याकडे अनेकांची खाती नागरी सहकारी किंवा जिल्हा बँकेत असतात. दुकानात यूपीआय बिनतक्रार चालतं, म्हणून एटीएमवरही चालेलच असं धरून चालू नका. एकदा शाखेत विचारून घ्या, किंवा अडचण नसताना एखाद्या दिवशी शंभर-पाचशे काढून बघा. ही चाचणी आपल्याच बँकेच्या मशीनवर करा. कारण पुढे येईल.

घरातून निघण्याआधी

लागणाऱ्या गोष्टी थोड्याच आहेत. फोनमध्ये चालू यूपीआय अॅप, त्याला जोडलेलं बँक खातं आणि यूपीआय पिन. हा पिन एटीएम कार्डाच्या पिनपेक्षा वेगळा असतो, बँकेप्रमाणे चार किंवा सहा आकडी. मशीनसमोर गेल्यावर बरेच जण सवयीने कार्डाचा पिन टाकतात, तो चुकतो, आणि तीनदा चुकला की यूपीआयच बंद होऊन बसतं. दुकानात पैसे देताना जो टाकता तोच पिन इथे.

अॅप कुठलं, तर सुरुवातीला भीम किंवा तुमच्या बँकेचं स्वतःचं अॅप वापरा. नंतर हवं ते वापरून बघता येईल.

रकमेची मर्यादा एका वेळी १०,००० रुपये आहे. ही वरची मर्यादा. बँक स्वतःची कमीही ठेवू शकते, आणि दिवसात किती वेळा काढता येतील तेही तीच ठरवते. शिवाय हे पैसे तुमच्या रोजच्या यूपीआय मर्यादेतच मोजले जातात. सकाळी कोणाला मोठी रक्कम पाठवली असेल तर संध्याकाळी मशीन नकार देऊ शकतं आणि कारण मात्र धड सांगत नाही. फोन बदलला असेल किंवा अॅप नव्याने टाकलं असेल तर पहिले २४ तास मर्यादा खूपच खाली असते. तेव्हा मोठ्या रकमेच्या भरवशावर राहू नका.

आणि हो, रुपे क्रेडिट कार्ड किंवा यूपीआय लाईट अॅपला जोडलेलं असेल तर ते यात चालणार नाही. पैसे बचत किंवा चालू खात्यातूनच निघतात.

मशीनसमोर

आत शिरल्यावर मशीनला हात लावण्याआधी फोनची रेंज बघा. तळघरातल्या किंवा काचबंद केबिनमध्ये इंटरनेट लटकतं. कार्डाने पैसे काढताना याची कधी फिकीर नसते, कारण तिथे इंटरनेट मशीनचं असतं. इथे अर्धं काम तुमच्या फोनचं आहे. अॅप आधीच उघडून ठेवा, स्कॅनर तयार ठेवा. याचं कारण लगेच कळेल.

कार्ड न टाकता पडद्यावर `UPI Cash Withdrawal` किंवा `QR Cash` असा पर्याय शोधा. काही मशीनवर तो थेट दिसतो, काहींवर आधी `Cardless Cash` दाबल्यावर आतल्या पानावर असतो. मग रक्कम विचारली जाते. इथे मशीनमध्ये कोणत्या नोटा आहेत ते बघून आकडा टाका. पाचशेच्याच नोटा असतील तर १,२०० टाकून उपयोग नाही.

रक्कम पक्की केली की पडद्यावर क्यूआर कोड येतो. तो फार थोडा वेळ टिकतो, साधारण अर्धं मिनिट. म्हणून अॅप आधी उघडायचं. वेळ संपली तर घाबरण्यासारखं काही नाही. पैसे गेलेले नसतात, पहिल्यापासून पुन्हा सुरू करायचं.

स्कॅन झाल्यावर फोनवर जे येतं ते वाचा. या सगळ्यात थांबून बघण्याची हीच एक जागा. रक्कम तुम्ही मशीनवर टाकली तीच, आपोआप भरलेली दिसली पाहिजे. व्यवहार पैसे काढण्याचा आहे असंही दिसलं पाहिजे. त्याऐवजी कोणा माणसाचं किंवा दुकानाचं नाव दिसलं आणि रकमेचा चौकोन रिकामा असला, तर तुम्ही मशीनच्या पडद्यावरचा कोड स्कॅन केलेला नाही, कोणीतरी मशीनवर किंवा भिंतीवर चिकटवलेला केलाय. मागे फिरा. खरा कोड कधीही चिकटवलेला नसतो. तो दर वेळी नवा बनतो आणि पडद्यावरच येतो.

दोन खाती जोडलेली असतील तर कोणतं, ते निवडा आणि यूपीआय पिन टाका. काही मशीनवर त्यानंतर पडद्यावर पुन्हा `Continue` दाबावं लागतं. नवखे लोक फोनकडे बघत राहतात आणि मशीन त्यांची वाट बघून व्यवहार सोडून देतं. पिन टाकला की नजर मशीनकडे. नोटा मोजा, पावती आली तर घ्या, बँकेचा मेसेज आला का बघा.

या कोडचा एक धोका वेगळा सांगायला हवा. क्यूआर कोड ज्या मशीनवर उगवलाय, नोटा त्याच मशीनमधून पडतात. पिन टाकणारा माणूस कुठे बसलाय याच्याशी मशीनला काही देणंघेणं नाही. म्हणजे कोणी लांबच्या एटीएममध्ये उभं राहून तुम्हाला व्हॉट्सअॅपवर कोडचा फोटो पाठवला आणि "हा स्कॅन कर, तुझे पैसे परत येतील" असं सांगितलं, तर तुमच्या पिनने नोटा त्याच्या हातात पडतील. कोड लवकर मरतो तो यासाठीही. यूपीआय पिन टाकल्याने आपले पैसे जाऊ शकतात, येत कधीच नाहीत.

पैसे कापले, नोटा आल्या नाहीत

हे कार्डानेही होतं आणि इथेही. फोनवर "यशस्वी" दिसतं, मशीन घरघरतं आणि "Transaction Declined" म्हणून मोकळं होतं. अशा वेळी सगळ्यात वाईट काम म्हणजे चिडून लगेच पुन्हा स्कॅन करणं. पहिल्या व्यवहाराचं काय झालं ते कळेपर्यंत थांबा. पुष्कळदा दोन-चार मिनिटांत पैसे परत आल्याचा मेसेज येतो.

नाही आला तर केबिन सोडण्याआधी मशीनवर लिहिलेल्या एटीएम क्रमांकाचा फोटो घ्या. अॅपच्या व्यवहारयादीत जाऊन त्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट घ्या. त्यात बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. तक्रार मात्र आपल्याच बँकेकडे करायची. मशीन दुसऱ्या बँकेचं असलं तरी त्या बँकेच्या शाखेत जाऊन भांडण्यात अर्थ नसतो, कारण तिच्याकडे तुमचं खातंच नाही. ते लोक खरंच काही करू शकत नाहीत.

नियम असा आहे की व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत बँकेने स्वतःहून पैसे परत खात्यात टाकले पाहिजेत. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला द्यायची आहे. रिझर्व्ह बँकेचा हा आदेश सप्टेंबर २०१९चा, आणि २०२२च्या परिपत्रकाने तो यूपीआयने काढलेल्या पैशांनाही लागू आहे. माझ्या अनुभवात मूळ रक्कम बहुतेक वेळा वेळेत येते. भरपाई मात्र मागून घ्यावी लागते, तीही लेखी. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत. 14448 या क्रमांकावर माहिती मिळते.

आता ते २७ रुपये १४ पैसे

भाच्याची समजूत चुकीची का, हे समजायला पैसे कोणत्या वाटेने येतात ते बघावं लागेल. दुकानात यूपीआय केलं की एका खात्यातला आकडा कमी होतो आणि दुसऱ्यातला वाढतो, खऱ्या नोटा हलत नाहीत. एटीएममध्ये नोटा लागतात. त्या कोणीतरी व्हॅनने आणून भरल्या, केबिनचं भाडं आणि एसीचं बिल दिलं. तुम्ही दुसऱ्या बँकेचं मशीन वापरता तेव्हा हा खर्च तिचा होतो, म्हणून तुमची बँक तिला दर व्यवहारामागे ठरलेली रक्कम देते. १ मे २०२५पासून ती पैसे काढण्यासाठी १९ रुपये आणि बॅलन्स बघण्यासाठी ७ रुपये आहे. यूपीआय इथे फक्त तुमची ओळख पटवतं, कार्ड आणि कार्डाचा पिन यांच्या जागी येतं. बाकी हिशेब एटीएमच्या जुन्या जाळ्यातूनच होतो. रिझर्व्ह बँकेने २०२२मध्ये स्पष्टच लिहिलं आहे की या व्यवहारांना एटीएमचे नेहमीचे नियम आणि नेहमीचेच चार्ज. म्हणजे यूपीआयसाठी जादा पैसे घ्यायचे नाहीत, पण एटीएमची गणती त्यालाही आहे. काही बँका सुरुवातीला हे व्यवहार मोफत संख्येत धरत नव्हत्या, त्यातून "यूपीआयने काढले की मोजत नाहीत" अशी अफवा पसरली. तिच्यावर महिन्याचं गणित मांडू नका.

गणती अशी. बचत खात्याला स्वतःच्या बँकेच्या मशीनवर महिन्याला किमान पाच व्यवहार मोफत. दुसऱ्या बँकेच्या मशीनवर महानगरात तीन, इतरत्र पाच. बँकेला वाटलं तर ती जास्त देऊ शकते, पगाराच्या खात्याला बऱ्याचदा देतेही, पण कमी नाही. महानगरं सहाच: मुंबई, नवी दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू आणि हैदराबाद. पुणे त्यात नाही! पुणेकरांना हे ऐकून थोडं लागतं, पण इथे फायदा त्यांचाच आहे. नागपूर, नाशिक, कोल्हापूर, पणजी हीसुद्धा पाचच्या बाजूला.

इथे लोक दोन ठिकाणी फसतात. पहिलं म्हणजे तुमची शाखा कुठे आहे याला महत्त्व नाही, मशीन कुठे उभं आहे ते बघतात. खातं साताऱ्याचं असलं तरी दादरच्या मशीनला मुंबईचा नियम. शहराच्या कडेला शंका आली तर मशीनवर बघा. ते महानगरातलं आहे की नाही हे तिथे लिहावं, स्टिकरने किंवा पडद्यावर, असं बँकांना सांगितलेलं आहे. दुसरं म्हणजे तीन आणि पाच मिळून आठ होत नाहीत. बहुतेक बँकांच्या दरपत्रकात हे "एकूण पाच, त्यातले महानगरात जास्तीत जास्त तीन" अशा अर्थाने लिहिलेलं असतं.

आणि "दुसरी बँक" यात व्हाईट लेबल, म्हणजे बँकेची नसलेली मशीनंही येतात. हिताची मनी स्पॉट किंवा इंडिया वन असं नाव दिसतं ती. एसटी स्टँडजवळ, लहान गावांत हीच जास्त भेटतात. देशातलं यूपीआयने चालणारं पहिलं एटीएम म्हणून सप्टेंबर २०२३मध्ये दाखवलं गेलं तेही हिताचीचंच. ती कोणाचीच बँक नसल्याने सगळ्यांसाठी "दुसरी" धरली जातात.

आता भाच्याचा महिना बघा. खातं साधं बचत, सगळी मशीनं दुसऱ्यांची. ३ तारखेला दादरला यूपीआयने २,००० काढले. महानगरातला पहिला. ७ तारखेला आईने पाठवलेलं कार्ड हाती आलं, ते चालतंय का बघायला त्याने अंधेरीत एका मशीनवर बॅलन्स बघितला. दुसरा. हे त्याच्या ध्यानातही नव्हतं, पण परक्या मशीनवर बॅलन्स बघणंही मोफत संख्येत मोजलं जातं. फोनवर तोच आकडा फुकट दिसला असता. १२ तारखेला यूपीआयने ५००, तिसरा. मुंबईचा कोटा तिथेच संपला. १४ला आणखी एका मशीनवर प्रयत्न केला, तिथे कॅशच नव्हती. हा मोजला गेला नाही. तांत्रिक बिघाड, मशीनमध्ये नोटा नसणं, चुकलेला पिन अशा कारणांनी फसलेला व्यवहार मोजू नये असा ऑगस्ट २०१९चा नियम आहे. १८ला गावी गेला, साताऱ्यात स्टँडजवळच्या व्हाईट लेबल मशीनमधून ३,००० काढले. एकूण चौथा, आणि साताऱ्यात असल्यामुळे मोफत. २२ला मुंबईत परत आल्यावर १,००० काढले. पाच अजून भरले नव्हते, पण महानगरातले तीन आधीच झाले होते. चार्ज लागला.

किती? २३ रुपये ही रिझर्व्ह बँकेने घातलेली कमाल मर्यादा, १ मे २०२५पासून. त्याआधी २१ होती, आणि २०२१ संपेपर्यंत २०. या २३ वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४ रुपये १४ पैसे. बेरीज २७.१४. स्वतःच्या बँकेच्या मशीनवर मोफत संख्या ओलांडली तरी कमाल मर्यादा हीच.

हजार रुपयांवर २७ म्हणजे पावणेतीन टक्के. पाचशे काढले असते तरी चार्ज तेवढाच, म्हणजे साडेपाच टक्के झाले असते. चार्ज रकमेवर नसतो, फेऱ्यांवर असतो. म्हणून महिन्याला पाच हजार रोख लागत असेल तर पाचशेच्या दहा फेऱ्यांपेक्षा अडीच हजारांच्या दोन बऱ्या. भाच्याच्या बँकेचं मशीन तर त्याच्या खोलीपासून दहा मिनिटांवर होतं, आणि तिथले पाचही मोफत व्यवहार महिनाभर तसेच पडून राहिले. तिथे बॅलन्स बघितला तर तो मोजलाही जात नाही.

चार्ज चुकून लागला असं वाटलं तर पासबुकातली नोंद आणि तुमची यादी शेजारी ठेवून तारखा लावून बघा. नोंद कधीकधी काही दिवस उशिरा पडते, त्यामुळे जूनचा चार्ज जुलैत दिसू शकतो. फसलेला व्यवहार मोजलेला आढळला तर त्याची तारीख आणि संदर्भ क्रमांक लिहून शाखेत अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात चार्जच्या बरोबर जीएसटीही परत मागा, नाहीतर २३ रुपये येतात आणि ४ रुपये १४ पैसे तसेच राहतात.